जोडीदार गेल्यानंतर एकट्या पडलेल्या ज्येष्ठांसाठी फोन-सोबत: वस्तीने ती कशी उभारावी आणि कशी चालवावी

जोडीदार गेल्यावर पहिले काही आठवडे घरात माणसांची ये-जा असते. भेटायला येणारे असतात, कागदपत्रांची धावपळ असते, मुलं मुक्कामाला असतात. मग एकेक जण आपापल्या कामाला लागतो आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या महिन्यात घर खरोखर रिकामं होतं. आधाराची गरज तेव्हा सर्वांत जास्त असते आणि विचारपूस तोवर आटलेली असते. त्यामुळे वस्तीतल्या लोकांना काही करायचं असेल तर त्यांनी पहिल्या आठवड्यातल्या गर्दीत भर घालण्यापेक्षा दुसऱ्या महिन्यापासून कामाला लागावं.

करायचं काय, तर बहुतेक ठिकाणी उत्तर ठरलेलं असतं: एक मेळावा, एखादं व्याख्यान, सहल. असे कार्यक्रम वाईट नसतात, पण त्यांना येतात ते आधीपासून चारचौघांत मिसळणारेच. ज्याच्यासाठी सगळं मांडलं, तो दाराआडच राहतो. म्हणून सुरुवात फोनने करावी. आठ-दहा स्वयंसेवक, एक समन्वयक, एक वही आणि ठरलेल्या वेळी येणारा फोन, एवढ्यावर ही सोबत उभी राहते. ती कशी उभारायची, कुठे फसते आणि थांबवायची केव्हा, ते पुढे क्रमाने येईल.

आधी एकटेपणा कोणता आहे ते ओळखा

समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वाइस यांनी १९७३ साली एकटेपणाचे दोन प्रकार वेगळे करून दाखवले. ही विभागणी कामाला फार उपयोगी पडते. एक, जिवाभावाचं एक माणूस नसल्याचा एकटेपणा. दुसरा, आपण कोणत्याच गोतावळ्यात नाही, आपल्यावाचून कुणाचं काही अडत नाही, असं वाटण्याचा एकटेपणा. जोडीदार गेल्यावर पहिला येतो. निवृत्तीनंतर बहुधा दुसरा येतो, कारण नोकरीबरोबर रोजची माणसं जातात, दिवसाची घडी मोडते आणि ‘या कामाचं यांना विचारा’ असं म्हणणारं कुणी उरत नाही.

एकावरचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही. नुकतीच पत्नी गेलेल्या माणसाला पन्नास जणांच्या गटात नेऊन बसवलं, तर त्याला तिची उणीव आणखी टोचते. समोर जोडपी बसलेली असतात आणि घरी जाऊन ‘आज काय झालं’ हे सांगायला कुणी नसतं. उलट, निवृत्त होऊन घरी बसलेल्याला कुणी आठवड्यातून दोनदा मायेने ‘कसे आहात’ विचारलं तर तो चिडण्याचीच शक्यता जास्त. त्याला काम हवं असतं.

अडचण अशी की पुष्कळदा दोन्ही एकत्र असतात. निवृत्तीनंतर गोतावळा आधीच आटलेला, आणि उरलेली नाती पत्नीने धरून ठेवलेली. वाढदिवसाचे फोन ती करायची, नातेवाइकांकडे जायचं तीच ठरवायची. ती गेल्यावर माणूस एका दिवसात दोन्हीकडून तुटतो. स्त्रियांच्या बाबतीत नात्यांचं जाळं बहुधा टिकून असतं, पण बँक, विमा, दुरुस्त्या, रात्रीचा प्रवास या गोष्टी पतीकडे असतील तर त्या अंगावर येतात आणि त्या भीतीने बाहेर पडणं कमी होतं. पहिल्या भेटीत ‘ही कामं आधी कोण करायचं’ एवढं विचारलं तरी निम्मं चित्र कळतं.

माणसं किती आणि कोण

एका स्वयंसेवकाकडे तीनपेक्षा जास्त ज्येष्ठ देऊ नयेत. आठवड्याला दोन फोन धरले तर तिघांचे सहा फोन होतात, आणि नोकरी-संसार सांभाळून एवढंच नेमाने जमतं. उत्साहात कुणी सात जण घेतो, महिनाभराने फोन चुकू लागतात, आणि वाट बघत बसलेल्या माणसाला ठरवून चुकलेला फोन मुळात कधी न ठरलेल्या फोनपेक्षा जास्त लागतो. आठ स्वयंसेवक असतील तर वीस ज्येष्ठांवर थांबावं. चार जागा रिकाम्या राहू द्याव्यात, कारण आजारपण आणि परीक्षा येतातच.

स्वयंसेवक वयाने मोठेच हवेत असं नाही. २०२१ साली अमेरिकेतल्या टेक्सासमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात २४० जण होते, बहुतेक ज्येष्ठ, आणि त्यातल्या निम्म्यांना चार आठवडे फोन केले गेले. फोन करणारे १७ ते २३ वर्षांचे सोळा जण होते आणि त्यांना मिळालेलं प्रशिक्षण अगदी थोडक्यातलं होतं: नीट ऐकायचं, समोरच्याला बोलायचं असेल त्या विषयावर बोलू द्यायचं. पहिले पाच दिवस रोज फोन, मग ज्याच्या त्याच्या इच्छेने कमी, पण आठवड्याला दोनपेक्षा कमी नाही. ज्यांना फोन आले त्यांचा एकटेपणा, उदासी आणि चिंता न आलेल्यांच्या तुलनेत कमी झाली. चार आठवड्यांपलीकडे काय होतं ते या अभ्यासातून कळत नाही, पण फोन करायला समुपदेशकाचीच पदवी लागते हा समज त्याने मोडला.

एक जागा मात्र अनुभवी माणसासाठी राखावी. जोडीदार जाऊन दोन-तीन वर्षं झालेले, सावरलेले एक-दोन जण गटात असावेत. ‘मलाही पहिल्या वर्षी हिशेबाच्या वहीकडे बघवत नव्हतं’ हे वाक्य त्यांच्या तोंडून येतं तेव्हा त्याचं वजन वेगळं असतं. मात्र ज्याला अजून एक वर्षही झालेलं नाही त्याला हे काम देऊ नये. तो दुसऱ्याचं ऐकताना स्वतःच्याच आठवणीत बुडतो.

दार कसं उघडायचं

१९६७ साली बॉस्टनमध्ये फिलिस सिल्व्हरमन यांनी विधवांनीच नव्याने विधवा झालेल्यांना भेटण्याचा उपक्रम सुरू केला. त्यात कुणी अर्ज करून मदत मागण्याची वाट पाहिली जात नसे. मदत करणारी बाई आधी पत्र पाठवायची: मी अमुक दिवशी अमुक वेळी येते आहे, नको असेल तर कळवा. हे छोटंसं वाटतं, पण सगळा फरक त्यातच आहे. दुःखात बुडालेल्या माणसाला ‘काही लागलं तर सांगा’ म्हटलं तर तो कधीच सांगत नाही, कारण काय लागेल हे त्यालाच ठाऊक नसतं आणि मागायचा संकोच असतो. नको म्हणणं मात्र सोपं असतं.

तीच पद्धत ठेवावी. चिठ्ठी हाताने लिहिलेली, चार-पाच ओळींची असावी. कोण येणार त्याचं नाव, ओळखीचा दुवा, दिवस, वेळ, किती वेळ बसणार आणि नको असल्यास कुठे कळवायचं, एवढंच. ‘एकटेपणा’, ‘आधारगट’, ‘मानसिक’ असे शब्द त्यात नसावेत. आपल्याला एकटं म्हणून यादीत घातलंय हे कळलं की स्वाभिमानी माणूस दार लावून घेतो.

पहिली भेट दोघांनी मिळून करावी, अर्धा तास. त्यातला एक समन्वयक आणि दुसरा पुढे फोन करणारा. गेलेल्या माणसाचं नाव घेऊन बोलावं. भेटायला आलेले लोक नाव टाळतात, विषय बदलतात, आणि घरातल्याला वाटतं की आपण सोडून सगळे त्या माणसाला विसरले. उठण्याआधी पहिल्या फोनचा वार आणि वेळ ठरवावी आणि समोरच्या कॅलेंडरवर किंवा वहीत त्यांच्याच हाताने लिहून घ्यावी.

दुसऱ्या भेटीत तीन प्रश्न विचारावेत. एकटेपणा मोजण्याचं एक तीन प्रश्नांचं मापन जगभर वापरलं जातं, त्याचा आशय असा: आपल्याला कुणाची सोबत नाही असं किती वेळा वाटतं? आपल्याला वगळलं जातंय असं किती वेळा वाटतं? आपण सगळ्यांपासून तुटलोय असं किती वेळा वाटतं? प्रत्येकाचं उत्तर ‘क्वचितच’ असेल तर एक गुण, ‘कधीकधी’ असेल तर दोन, ‘नेहमी’ असेल तर तीन. बेरीज तीन ते नऊच्या दरम्यान येते, आणि सहा किंवा जास्त आली तर बहुधा त्या माणसाला एकटं धरतात. ही तपासणी आहे, निदान नव्हे. तिचा खरा उपयोग बारा आठवड्यांनी तेच प्रश्न पुन्हा विचारून फरक बघण्यात आहे. ‘तुम्हाला एकटं वाटतं का?’ असं सरळ विचारलं तर बहुतेकांचं, विशेषतः पुरुषांचं उत्तर ‘छे, मजेत आहे’ असं येतं. म्हणूनच या तीन प्रश्नांत तो शब्द येत नाही.

फोन

पहिल्या आठवड्यात एक दिवसाआड, मग आठवड्यातून दोनदा. वेळ ठरलेली हवी, आणि ती फोन करणाऱ्याच्या सोयीची नको. दिवसातला कोणता तास जड जातो ते विचारून तीच वेळ धरावी. बऱ्याच जणांना दिवस कसाबसा निघतो आणि संध्याकाळी दिवे लावायच्या सुमाराला घर अंगावर येतं. काहींना पहाट जड जाते, काहींना सुट्टीचा दिवस.

फोन दहा ते पंधरा मिनिटांचा असावा. पाऊण तासाच्या गप्पा एकदा होतात, पण त्या धाकाने पुढच्या वेळी फोन उचलायलाच नको वाटतं, आणि हे दोन्हीकडे घडतं. बोलण्याची सुरुवात मागच्या फोनमधल्या एखाद्या बारीक गोष्टीने करावी: ‘काका, त्या खिडकीची कडी बसवून झाली का?’ यासाठी वही लागते. प्रत्येक फोननंतर तीन ओळी लिहायच्या: काय बोलणं झालं, आवाज कसा होता, पुढच्या वेळी काय विचारायचं. वही समन्वयकाशिवाय कुणी वाचत नाही, हे ज्येष्ठांना आधीच सांगून ठेवावं.

ऐकताना सगळ्यांत मोठी चूक होते ती समजूत काढण्याची. समोरचा म्हणतो, ‘आता जगून काय करायचं ते कळत नाही,’ आणि इकडून उत्तर जातं, ‘असं नका म्हणू, नातवंडांकडे बघा.’ बोलणं तिथेच मिटतं. त्याऐवजी ‘केव्हा असं जास्त वाटतं?’ हा प्रश्न बोलणं उघडतो, आणि त्या उत्तरातूनच काळजी करावी असं काही आहे का तेही कळतं. सल्ला देणं ही दुसरी चूक. पहिले चार आठवडे एकही सल्ला द्यायचा नाही असा नियमच करावा. तो पाळणं भल्याभल्यांना जड जातं.

दुःख आणि रोजची कामं यांचा झोका चालू असतो, हेही स्वयंसेवकाला ठाऊक हवं. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट यांनी १९९९ साली मांडलेल्या विचारानुसार सावरणारा माणूस कधी आठवणींत बुडतो, तर कधी त्यातून बाहेर येऊन नवी कामं, नवी घडी यांत रमतो, आणि हे येणं-जाणं हाच सावरण्याचा मार्ग आहे. त्यामुळे सोमवारी हसत बोललेले काका गुरुवारी रडले तर गाडी मागे गेली असं समजू नये. काळजी करायची ती झोका थांबला तर: महिनोन्‌महिने फक्त आठवणीच, किंवा तो विषय अजिबात निघूच द्यायचा नाही आणि दिवसभर कामात गुंतून राहायचं.

फोनवरून घराबाहेर

फोन हा उंबरठा आहे. वर्षभर नुसते फोनच चालू राहिले तर माणूस त्या दोन फोनांवर तग धरतो, पण त्याचा गोतावळा वाढत नाही. साधारण पाचव्या-सहाव्या आठवड्यापासून बाहेरचं एखादं काम शोधावं. गप्पांचा गट नको, हाताला काम देणारा गट हवा. ऑस्ट्रेलियात १९९०च्या दशकात पुरुषांसाठी सामाईक कार्यशाळा सुरू झाल्या, लाकूडकाम आणि दुरुस्त्या करणाऱ्या, आणि तिथून त्या इतर देशांतही पसरल्या. त्यामागची जाण अशी की पुष्कळ पुरुष समोरासमोर बसून मन मोकळं करत नाहीत, पण खांद्याला खांदा लावून काहीतरी दुरुस्त करताना सहज बोलून जातात. नजर कामावर असते, त्यामुळे गप्प राहिलं तरी अवघड वाटत नाही.

गट सहा ते आठ जणांचा असावा. तीन-चार जण असतील तर दोघे आजारी पडताच तो मोडतो, आणि दहाच्या वर गेला की नवा माणूस कोपऱ्यात राहतो. दीड तास, आठवड्याच्या एकाच वारी, दिवसाउजेडी. जागा तळमजल्यावरची, पाठ टेकता येईल अशा खुर्च्यांची, आणि स्वच्छतागृह जवळ असलेली. यातली शेवटची अट गंमत म्हणून लिहिलेली नाही. लघवीवर ताबा न राहण्याचा त्रास या वयात अनेकांना असतो आणि कुणी तो बोलून दाखवत नाही. ‘मला गर्दी आवडत नाही’ असं सांगून ते घरी बसतात. स्वच्छतागृह कुठे आहे हे निमंत्रणातच सहज सांगून टाकलं, तर कुणाला विचारावं लागत नाही.

एक उदाहरण, आठवड्यांनुसार

समजा, बहात्तर वर्षांचे एक काका आहेत. आयुष्यभर हिशेबनीस होते, निवृत्त होऊन बारा वर्षं झाली. पत्नी जाऊन चार महिने झालेत, मुलगी दुसऱ्या देशात आहे आणि रविवारी फोन करते. एका कानाने कमी ऐकू येतं, यंत्र आहे पण ते खणात पडून असतं. रोज संध्याकाळी दोघं फिरायला जायची, आता फिरणं बंद आहे. तीन प्रश्नांची बेरीज आठ आली.

पहिल्या आठवड्यातले तीन फोन प्रत्येकी चार-चार मिनिटांत संपले. ‘बरं आहे’, ‘जेवलो’, ‘ठेवू का?’ अनेक स्वयंसेवक इथेच हार मानतात. पण फोन संध्याकाळी सहाला, फिरायला जायच्या जुन्या वेळेला येतो आहे हे काकांच्या लक्षात आलं होतं. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी आपणहून विचारलं, ‘आज पाच मिनिटं उशीर का?’ वहीत लिहून ठेवावी अशी ही ओळ. माणूस वाट बघू लागलाय.

तिसऱ्या आठवड्यात बोलणं पत्नीवर आलं आणि वीस मिनिटं चाललं. चौथ्या आठवड्यात स्वयंसेवकाने मदत मागितली: गटाच्या जमाखर्चात ताळा लागत नाही, बघाल का? मागणी खरी होती, वही खरी होती. खोटं काम दिलं तर या वयाच्या माणसाच्या ते लगेच लक्षात येतं, आणि मग विश्वास कायमचा जातो. काकांनी दोन दिवसांत चूक शोधून दिली आणि जाता जाता पावत्या ठेवण्याच्या पद्धतीवर चांगलं सुनावलंही.

सहाव्या आठवड्यात ते दुरुस्तीच्या गटात आले. पहिल्या दिवशी स्वयंसेवक घरी जाऊन त्यांना बरोबर घेऊन आला. हे टाळू नये, कारण ‘पत्ता पाठवतो, या तुम्ही’ म्हटलेले लोक दारापर्यंत येऊन परत फिरतात. बरोबर आणणाऱ्याने आत येऊन एका ठरावीक माणसाशी ओळख करून द्यावी आणि त्या माणसाला आधीच सांगून ठेवावं की काका येत आहेत. पहिल्या तीन वेळांपर्यंत सोबत द्यावी, मग त्यांना त्यांचं येऊ द्यावं.

आठव्या आठवड्यात काका आले नाहीत. नवव्यातही नाही. कारण विचारलं तर ‘कंटाळा आला.’ समन्वयकाने गटात जाऊन बसण्याची मांडणी पाहिली. मोठं टेबल, आठ जण एकाच वेळी बोलणारे, वर पंख्याचा आवाज, आणि काकांचा अधू कान नेमका सगळ्यांच्या बाजूला. त्यांना अर्धं बोलणं ऐकूच येत नव्हतं, आणि चुकीच्या जागी हसल्यासारखं झाल्यावर त्यांनी येणं सोडलं होतं. उपाय साधे होते. काकांची खुर्ची टेबलाच्या टोकाला, भिंतीकडे अधू कान करून ठेवली. एका मोठ्या टेबलाऐवजी चौघांची दोन टेबलं केली. खणातलं यंत्र तपासून घेतलं तेव्हा त्याची बॅटरी संपलेली निघाली. दहाव्या आठवड्यात ते परत आले. गळतीचं कारण शोधताना स्वभावाकडे जाण्याआधी कान, डोळे, गुडघे, वेळ आणि रस्ता हे क्रमाने तपासावेत. बहुतेक वेळा उत्तर तिथेच सापडतं.

बाराव्या आठवड्यात तीन प्रश्नांची बेरीज सहा आली. वगळलं जाणं आणि तुटलेपण प्रत्येकी एका गुणाने कमी झालं. सोबत नसल्याचं ‘नेहमी’ तसंच राहिलं. यात अपयश काही नाही. गटाने गोतावळा दिला, पत्नीची जागा कुठलाही गट घेऊ शकत नाही, आणि ती भरली नाही म्हणून आणखी चार कार्यक्रम माथी मारणं ही हमखास चूक ठरते. काकांचे सहाचे फोन चालू ठेवले आणि त्यातल्या एका दिवशी स्वयंसेवक त्यांच्याबरोबर फिरायला जाऊ लागला.

मर्यादा आखून ठेवा

एकटा माणूस फसवणुकीला सोपा पडतो, म्हणून नियम पहिल्या दिवशीच दोन्ही बाजूंना लेखी द्यावेत. स्वयंसेवकाने पैसे घ्यायचे नाहीत, उसने द्यायचे नाहीत, बँकेचा व्यवहार किंवा परवलीचा आकडा पाहायचा नाही, कोणत्याही कागदावर साक्षीदार म्हणून सही करायची नाही, घराची किल्ली ठेवायची नाही. चांगल्या मनाने केलेली एखादी उसनवारी पुढे सगळ्या उपक्रमावर संशय आणते. भेटवस्तूही नको.

स्वयंसेवकांची बैठक पंधरा दिवसांनी, पाऊण तासाची. कुणाचे फोन चुकले, कुणाच्या आवाजात फरक वाटला, कुणाला ज्येष्ठाचं बोलणं ऐकून स्वतःलाच त्रास होतोय, एवढेच विषय. वर्षातल्या जड तारखांची यादी इथेच करावी: लग्नाचा दिवस, दोघांचे वाढदिवस, मृत्यूची तारीख. या तारखेच्या आदल्या संध्याकाळी एक जादा फोन जावा. त्या दिवशी लोक येतात, आदली रात्र मोकळी असते.

सगळ्यांत वाईट शेवट होतो तो स्वयंसेवक न सांगता गळाल्याने. जोडीदार गमावलेल्यासाठी ती दुसरी ताटातूट असते. कुणी सोडणार असेल तर त्याने तीन आठवडे आधी स्वतः सांगावं, मधले दोन फोन नव्या माणसाला जोडीला घेऊन करावेत, आणि शेवटच्या फोनमध्ये ‘हा शेवटचा’ असं स्पष्ट म्हणावं.

फोनने भागणार नाही असं केव्हा समजावं

शोक म्हणजे आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या वर्गीकरणात दीर्घकाळ रेंगाळणाऱ्या शोकाचा स्वतंत्र उल्लेख आहे. त्यासाठी किमान सहा महिने होऊन गेलेले असावेत, ओढ तितकीच तीव्र असावी आणि रोजचं जगणं अडलेलं असावं. त्याआधीच डॉक्टरांकडे पाठवावं लागेल अशीही लक्षणं असतात: कपडे ढगळ होण्याइतकं वजन उतरणं, कित्येक दिवस अंघोळ नाही, औषधं बंद, दारू वाढलेली, तारीख-वार किंवा ओळखीच्या रस्त्याचा गोंधळ. गोंधळ अचानक एक-दोन दिवसांत सुरू झाला असेल तर तो शोकाचा भाग समजू नये, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं. संसर्गापासून औषधांच्या घोळापर्यंत काहीही असू शकतं.

मरणाची भाषा आली तर गोलगोल बोलू नये. ‘जीव संपवायचा विचार मनात येतो का?’ असं सरळ विचारावं. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. ‘तिच्याकडे जावंसं वाटतं’ असं बरेच जण म्हणतात आणि त्यात फक्त ओढ असते. पण कसं आणि केव्हा हे ठरलेलं असेल, औषधं साठवलेली असतील, वस्तू वाटून टाकणं किंवा निरवानिरव सुरू झाली असेल, तर त्यांना एकटं सोडू नये. स्वयंसेवकाने फोन चालू ठेवून दुसऱ्या फोनवरून समन्वयकाला कळवावं, कुणीतरी घरी पोहोचावं, घरच्यांना आणि डॉक्टरांना त्याच वेळी सांगावं. ‘कुणाला सांगू नका’ असं वचन अशा वेळी द्यायचं नसतं, हे स्वयंसेवकांना पहिल्याच दिवशी शिकवावं. पत्नी गेलेल्या वृद्ध पुरुषांबाबत, विशेषतः पहिल्या वर्षात, हा धोका जास्त असतो.

फोनला दोनदा उत्तर आलं नाही तर काय करायचं तेही लिहून ठेवावं: अर्ध्या तासाने पुन्हा फोन, मग शेजाऱ्याला फोन, मग घरी जाणं. शेजाऱ्याचा आणि जवळच्या नातलगाचा नंबर त्यासाठी पहिल्या भेटीतच, त्यांच्या संमतीने वहीच्या पहिल्या पानावर घ्यावा.

फोन कमी केव्हा करायचे

वर्षाच्या तारखेआधी फोन बंद करू नयेत. वर्ष उलटल्यावर आठवड्याला एक, मग पंधरा दिवसांनी एक, असं तीन महिन्यांत उतरवत न्यावं, आणि प्रत्येक पायरी त्यांना विचारून. कमी करायची वेळ आली हे कळतं ते फोनवरच: ‘आज लवकर आटपू, मला बाहेर जायचंय’ असं तीन-चार वेळा ऐकू आलं की. कुणी नको म्हणत असेल तर घाई करू नये, पण त्या माणसाचा बाहेरचा गट का जमला नाही हे आधी पुन्हा तपासावं. सावरलेल्यांपैकी ज्यांना इच्छा आहे त्यांना, जोडीदार जाऊन दोन वर्षं पुरी झाल्यावर, फोन करणाऱ्यांच्या यादीत यायला विचारावं. सुरुवात एकाच माणसापासून, आणि पहिले चार फोन जुन्या स्वयंसेवकाच्या शेजारी बसून.